वळि आणि वलि

आमची पंचवटी रामकुंडाजवळ. चुकलेली परप्रांतीय माणसं आम्ही लहानपणापासून पाहत आलो. त्यांच्यातलं कुणी ‘मी हरवलोय’ म्हणत बसत नाही. ती गावाचं नाव सांगतात, जिल्ह्याचं सांगतात, नाहीतर घडी पडलेला कागद पुढे करतात. ऐकणाऱ्यालाही तेवढंच हवं असतं. हरवलेलं तर चेहऱ्यावर दिसतंच. कुणाला कळवायचं, हे दिसत नाही.

गेल्या वर्षी आई भजनी मंडळातल्या काकूंबरोबर रामेश्वरला निघाली, तेव्हा मला हे आठवलं. आई एकाहत्तर वर्षांची, तिला मधुमेह, सकाळी इन्सुलिन. हिंदी मोडकीतोडकी, इंग्रजी नाही. खिशात मोबाइल असल्यावर तमिळ कशाला, असं काकूंचं म्हणणं. पण डिसेंबर २०२२मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तमिळनाडूतल्या देवळांत मोबाइलबंदी लागू करायला सांगितलं. म्हणजे जिथे चुकामूक होण्याचा संभव जास्त, नेमका तिथेच फोन जवळ नाही. त्यात रामेश्वरची रीत अशी, की आधी समुद्रात अग्नितीर्थावर स्नान, मग देवळातल्या बावीस तीर्थांचं पाणी एकामागून एक अंगावर. चिंब कपडे, सारखे दिसणारे लांबच लांब खांब आणि पुढे सरकणारी गर्दी. साधा कागद तिथे टिकणार नाही.

माझ्याबरोबर सातपूरला काम करणाऱ्या एका तमिळ सहकाऱ्यांना मी वाक्यं विचारली. ‘वाट कळत नाही’ला ते म्हणाले, ‘वळि तेरियल.’ आणि लगेच बजावलं, ‘ळ नीट म्हणायला सांगा.’ वळि म्हणजे वाट, वलि म्हणजे दुखणं. ‘वलि तेरियल’ झालं, की अर्थ होतो ‘दुखणं जाणवत नाही’! तमिळमधला तो वर्ण आपल्या ळपेक्षा वेगळा, जीभ आणखी मागे वळवून काढायचा. पण बोलताना बरेच तमिळ लोकही त्याचा ळच करतात, त्यामुळे मराठी माणसाचं काम भागतं.

दुसरा खड्डा प्रश्नांचा. पुस्तकात ‘डॉक्टर कुठे आहेत?’ असतं. आईने ते अगदी शुद्ध विचारलं, तर समोरचा तितक्याच शुद्ध तमिळमध्ये डावं-उजवं सांगणार, आणि आई होती तिथेच. म्हणून प्रश्न सगळे काढून टाकले. ज्याचं उत्तर समोरच्याने बोलून नव्हे, करून द्यायचं, अशीच वाक्यं ठेवली. पहिलं, ‘इंद नंबरुक्कु फोन पण्णुंग’, या नंबरला फोन करा. शेवटचा ‘उंग’ म्हणजे आपल्या ‘कर’चं ‘करा’. तो गाळायचा नाही. दुसरं, ‘डॉक्टर वेणुम’, डॉक्टर हवा.

तिसऱ्यावर आम्ही अडलो. मी ‘शुगर इरुक्कु’, म्हणजे शुगर आहे, हे लिहून घेतलं होतं. ऐकायला मराठीच. पण आईला भीती शुगर वाढण्याची नव्हती, उतरण्याची होती. इन्सुलिन घेतलेलं, दर्शनाआधी खायचं नाही हा हट्ट आणि दोन तास चालणं. शुगर उतरली, की घाम सुटतो, हात थरथरतात, बोलणं अडखळतं. बावीस घागरींनी भिजलेल्या बाईचा घाम कुणाला दिसणार? थरथर थंडीची वाटणार. आणि ‘शुगर आहे’ ऐकून भल्या माणसाने गोड द्यायचंच टाळलं तर? म्हणून वाक्य बदललं: ‘सक्करै कुडुंग’, साखर द्या. तीन चमचे साखर पाण्यातून पोटात गेली, की पंधरा मिनिटांत फरक पडायला हवा. नाही पडला, तर पुन्हा तेवढीच आणि मग डॉक्टर. शुद्ध हरपल्यावर मात्र तोंडात काही घालायचं नाही. ते वाक्य आईने म्हणण्याजोगं नव्हतंच. ते मी काकूंना मराठीत सांगितलं. साखरेची पुडी प्लास्टिकमध्ये बांधून कमरेला दिली, आणि इन्सुलिन घेतल्यावर खाऊनच निघायचं, हे डॉक्टरांकडून वदवून घेतलं.

तिन्ही वाक्यं वर तमिळ लिपीत, खाली देवनागरीत लिहून कार्ड लॅमिनेट केलं. गाइडचा नंबर मोठ्या आकड्यांत. आठ दिवस रात्री जेवणानंतर घोकंपट्टी. ‘पण्णुंग’ला आई दर वेळी हसायची.

सोळाव्या की सतराव्या तीर्थानंतर ती मागे पडली. शोधत फिरली नाही. माणसांच्या लोंढ्याबरोबर बाहेर आली आणि फुलं विकणाऱ्या बाईपुढे कार्ड धरून पहिलं वाक्य म्हणाली. बाईने फोन लावला, बराच वेळ बोलली, मग आईकडे वळून आणखी बरंच काही बोलली. आईला त्यातलं अक्षर कळलं नाही. बाईने शेजारचं स्टूल पुढे सरकवलं, तेव्हा थांबायचंय एवढं कळलं. थांबल्याथांबल्या तिने कमरेची पुडी सोडून साखर खाल्ली. वीस मिनिटांनी गाइड आला.