उभी आहे, पाहते

कारंज्यात दिल्ली वेशीच्या आत आमचं जुनं घर आहे. दिवाळीला तिथं गेलो, तेव्हा आजी ओसरीवर बसली होती. मी पिशवी खाली ठेवून पाया पडलो. तिनं डोक्यावर हात ठेवला आणि अगत्यानं विचारलं, "कोन्या गावाहून आले जी तुमी?"

आवाज स्थिर होता, नजर प्रेमळ होती, वाक्य सरळ होतं. मला तिनं जन्मापासून 'काऊन रे' म्हणून हाक मारलेली, 'तू' सोडून दुसरं काही कधी ऐकलंच नव्हतं. त्या एका 'तुमी'नं मला कळलं की तिच्या लेखी मी आता परका आहे. घरात आलेल्या परक्या पुरुषाला मान द्यायचा, हे मात्र ती विसरली नव्हती. लगेच आत वळून म्हणाली, "पावन्याले चहा टाका व."

त्या मुक्कामात मी विसरत चाललेल्या माणसावरची बर्नलेफची कादंबरी पुन्हा वाचायला घेतली. जे. बर्नलेफ हे डच लेखकाचं टोपणनाव. 'हेर्सेनस्खिमेन' ही त्याची कादंबरी १९८४ साली आली, मी ती इंग्रजी अनुवादातून वाचली आहे. मार्टेन क्लाइन हा सत्तरी ओलांडलेला डच माणूस बायको व्हेरासोबत अमेरिकेत, समुद्रकाठच्या ग्लॉस्टर गावाजवळ राहतो. बर्फाचे दिवस आहेत. सुरुवातीलाच तो खिडकीशी उभा आहे आणि शाळेच्या बसची वाट पाहणारी पोरं आज का दिसत नाहीत, याचा विचार करतो आहे. पोरं नाहीत, कारण तो रविवार आहे. ही साधी गोष्ट त्याला बायकोकडून कळते.

सगळं मार्टेन स्वतः सांगतो, तेही वर्तमानकाळात. विसरण्यावर लिहिणारा कच्चा लेखक पानभर टिंबं पेरतो, वाक्यं अर्धी सोडतो, 'मला आठवत नाही' असं पात्राकडून वारंवार वदवून घेतो. बर्नलेफ बराच काळ यातलं काही करत नाही. मार्टेनची वाक्यं पूर्ण आहेत, त्याला प्रत्येक गोष्टीचं कारणही सापडतं. एका वाक्यात तो स्वयंपाकघरात असतो आणि पुढच्या वाक्यात बालपणीच्या हॉलंडमधे. मधला जोड कुठेच दिसत नाही. काही निसटलं आहे हे आपल्याला कळतं ते त्याच्या बोलण्यातून नव्हे, समोरच्यांच्या उत्तरांतून. व्हेरा क्षणभर गप्प होते, किंवा एखाद्या प्रश्नाचं उत्तर जरा जास्तच हळू आवाजात देते. घरात मदतीला आलेली तरुण मुलगी त्याला दर वेळी वेगळीच कुणी वाटते आणि प्रत्येक वेळी त्याला ते अगदी पटलेलं असतं.

विसरणं आतून असंच असणार, असं आजीकडे पाहून मला वाटू लागलं. त्याच संध्याकाळी ती मूर्तिजापूरहून शकुंतलेनं कारंज्याला आल्याची गोष्ट सांगत होती. अडीच फुटी रुळांवरची ती आगगाडी, कोळशाचा धूर, लुगड्यावर पडलेली ठिणगी. पहिल्यांदा ती वडिलांसोबत डब्यात बसलेली, अजून लग्न व्हायचं. दोन वाक्यांनंतर शेजारी आजोबा. आणखी दोन वाक्यांनी मांडीवर माझे बाबा, तापानं फणफणलेले. तीन प्रवास एका डब्यात बसले होते आणि तिच्या आवाजात कुठे खाचखळगा नव्हता. आमच्या घरचा इतिहास ज्याला ठाऊक नाही, त्याला ही गोष्ट चोख वाटली असती.

यावरून मला आमच्याच गावातल्या पोथ्या आठवल्या. कारंज्याच्या जैन मंदिरांतल्या ग्रंथभांडारांत शेकडो हस्तलिखितं आहेत. रायबहादूर हिरालाल यांच्या १९२६च्या सूचीत त्यांची नोंद झाली आणि पुढे कारंज्याच्या ग्रंथमालांतून पुष्पदंताची अपभ्रंश काव्यं छापली गेली. 'णायकुमारचरिउ' प्रा. हिरालाल जैन यांनी १९३३ साली संपादित केलं. पोथ्यांच्या संपादकाला नकलकाराची एक ठरलेली चूक शोधावी लागते. एक शब्द एका ओळीत येतो, दोन ओळी सोडून पुन्हा येतो. लिहिणाऱ्याची नजर पहिल्यावरून थेट दुसऱ्यावर जाते आणि मधलं सगळं गळतं. भोक पडलेलं पान लगेच दिसतं. ही गळती मात्र दिसत नाही, कारण ओळ वाचताना अर्थ लागतो. दुसरी प्रत शेजारी ठेवली तरच ती सापडते. बर्नलेफच्या कादंबरीत ती दुसरी प्रत म्हणजे व्हेरा. आमच्या घरी बाबा.

पुढे मात्र मार्टेनचं गद्य खरंच तुटत जातं. परिच्छेद आखूड होतात, मधे कोरी जागा येते. अमेरिकेत आल्यावर कमावलेली इंग्रजी आधी ढळते आणि तळाशी असलेली डच उरते. शेवटाकडे 'मी'च्या जागी 'तो' येऊ लागतो. ज्याला वाक्य सांभाळता येत नाही त्यानं हे पुस्तक सांगितलंच कसं, असा प्रश्न कुणी विचारला तर त्याला उत्तर नाही. ती सवलत वाचकानं लेखकाला द्यायचीच असते, मी ती आनंदानं देतो.

पण 'मी'चा 'तो' होण्यापाशी मी बराच वेळ थांबलो. इंग्रजी अनुवादात तो बदल डोळ्यांत भरतो, कारण तिथं प्रत्येक वाक्याला कर्ता लागतो. मराठीत काय झालं असतं? मी पाहतो, तो पाहतो. मी उभी आहे, ती उभी आहे. वर्तमानकाळात आपलं क्रियापद दोघांना सारखंच. सर्वनाम गाळा, आणि 'उभी आहे, पाहते' एवढंच उरतं. ही बाई स्वतःबद्दल बोलते आहे की दुसऱ्या कुणाबद्दल, ते वाक्यावरून सांगता येणार नाही. भूतकाळात 'मी गेले', 'ती गेली' असा फरक लगेच उघडा पडतो. म्हणजे मराठी कादंबरीकारानं वर्तमानकाळ धरला, तर 'मी' कोणत्या ओळीवर हरवला हे वाचकाला कधीच कळणार नाही. मार्टेनलाही ते कळलेलं नसतं.

आणि नावं गेली तरी आपलं व्याकरण मागे उरतं. आजीची विशेषनामं आधी गेली, मग वस्तूंची नावं. आता अडकित्ताही 'हे', चष्माही 'हे', औषधाची बाटलीही 'हे'. नवऱ्याचं नाव तर तिनं आयुष्यभर घेतलंच नाही, आजोबाही 'हे'च. पण वस्तू हरवली की ती 'हे कुठं गेलं' म्हणते आणि आजोबांबद्दल विचारायचं असलं की 'हे कुठं गेले'. एवढा एक स्वर तिनं अजून हातचा सोडलेला नाही. मी पाच दिवस कान देऊन ऐकलं, एकदाही गल्लत झाली नाही.

निघायच्या आदल्या दिवशी, दिवे लागायच्या वेळी ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती. रस्त्यावर ऑटो, फटाके फोडणारी पोरं. मी विचारलं, "आजी, काय पाहतेस?"

"पायते," ती म्हणाली. थोड्या वेळानं माझ्याकडे न वळताच म्हणाली, "हे आले नाई अजून."

आजोबांना जाऊन एकोणीस वर्षं झाली. मी 'आले'च ऐकलं होतं, याची मनाशी खात्री केली आणि आतून तिच्यासाठी खुर्ची आणली.