तीन नंबरची जागा

दिवेआगर, भाद्रपद

सर्व सभासद बंधू-भगिनींना,

गणपतीला गावी आलो आहे. वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबर संपायच्या आत घ्यायची आहे आणि तिच्या विषयपत्रिकेवर पार्किंगचा ठराव आहे. नोटीस तुम्हाला मिळालीच असेल. ती नियमाप्रमाणे चार ओळींत लिहिली. पण गेली अकरा वर्षं सेक्रेटरी म्हणून मी ज्या पद्धतीची बाजू घेतली, तिच्या विरुद्ध ठराव मीच मांडतो आहे, तेव्हा त्यामागचं कारण सगळं सांगायला हवं. म्हणून हे पत्र.

आपली पद्धत सर्वांना ठाऊक आहे. सोसायटी 1998 ला नोंदली गेली. घरं 28, खाली स्टिल्टमध्ये गाडीच्या जागा 16. ज्याचं सभासदत्व आधीचं, त्याचा हक्क आधी. एकदा जागा मिळाली की तो घर विकेपर्यंत ती त्याची. कुणी घर विकलं की मोकळी झालेली जागा उरलेल्यांतल्या सर्वांत जुन्या सभासदाकडे जायची. मला ही पद्धत सरळ आणि भांडण न लावणारी वाटायची. डोंबिवलीत पाण्याचे टँकर मागवून ज्यांनी सुरुवातीची वर्षं काढली, कन्व्हेयन्ससाठी खेटे घातले, त्यांना एवढा मान असावा, असं मी सभेत उभं राहून अनेकदा बोललो आहे. ते मनापासून बोललो होतो.

पहिला धक्का मला कागदानेच दिला. यंदा मे महिन्यात गाड्यांची नोंद करायला मी प्रत्येक घरी आरसी बुकची प्रत मागितली. 22 घरांत वापरातली गाडी निघाली. त्यातल्या 13 जणांकडे जागा आहे, 9 जण रात्री रस्त्यावर गाडी लावतात. मग उरलेल्या तीन जागांत काय आहे? एका जागेत ताडपत्रीखाली एक गाडी आहे. तिच्या चारही चाकांतली हवा गेली आहे आणि तिच्या मालकाचं घर दोन वर्षं बंद आहे. दुसरीत सायकली आणि प्लंबरचं सामान. तिसरी जागा तीन नंबरची, माझी. गाडी मी 2019 ला विकली. त्या जागेत आता माझी स्कूटर उभी असते आणि मागे आईचं लाकडी कपाट. सहा वर्षं मी त्या जागेचं शुल्क वेळेवर भरतो आहे, म्हणून ती माझीच, असं धरून चाललो होतो.

नोंद करताना चौथ्या मजल्यावरची एक सभासद मला म्हणाली, "काका, माझी नाइट शिफ्ट दोनला सुटते. नाक्यापलीकडे गाडी लावून मी चालत येते. वॉचमन दार उघडतो तेव्हा मला रोज तुमचं कपाट दिसतं." तिचा आवाज चढला नव्हता. तिने 2011 ला घर घेतलं, तेव्हाचा तिचा अर्ज माझ्याच फाइलमध्ये आहे. त्या संध्याकाळी मी फाइल उघडून तो अर्ज शोधला. त्यावर माझ्याच हस्ताक्षरात शेरा होता: "ज्येष्ठतेनुसार विचार करता येईल." त्या नियमाने तिची पाळी कधी आली असती याचा हिशोब केला. आमच्यातले सहा जण घर विकून गेल्याशिवाय ती येत नव्हती.

मग आदर्श उपविधी पुन्हा वाचले, आणि या वेळी शेवटपर्यंत वाचले. आजवर मी "प्रथम येणाऱ्यास प्रथम" या शब्दांवर थांबत होतो. तेवढे शब्द तिथे आहेतच. पण पुढे असंही आहे की ज्याच्याकडे गाडी आहे तोच जागेला पात्र. साधारणपणे एका सभासदाला एकच जागा. उरली तरच दुसरी, तीही वर्षाच्या बोलीवर, एकही जागा नसलेल्या सभासदाला ती लागत नसेल तोवरच. आणि जागांपेक्षा पात्र सभासदांच्या गाड्या जास्त झाल्या तर वाटप दर वर्षी चिठ्ठ्या टाकून करायचं, सर्वसाधारण सभा ठरवील त्या रीतीने. मिळालेली जागा विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. म्हणजे 16 जागा आणि 22 गाड्या झाल्या त्या दिवसापासून आपल्याला दर वर्षी सोडत काढायला हवी होती. ती काढली नाही, ही चूक माझी आहे.

चार सभासदांकडे बिल्डरची पावती आहे, "स्टिल्ट पार्किंगपोटी" पैसे घेतल्याची. त्यांचं म्हणणं मी वर्षानुवर्षं मान डोलावून ऐकलं. पण दहिसरच्या पांचाली सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 31 ऑगस्ट 2010 ला सांगितलं की 1963 च्या मोफा कायद्याखाली स्टिल्टमधली मोकळी जागा म्हणजे गॅरेज नव्हे आणि बिल्डरला ती वेगळी विकता येत नाही. ती सर्व घरमालकांची सामाईक जागा आहे. 2016 च्या रेरा कायद्याखालच्या नव्या इमारतींत छताखालची जागा नोंदणीकृत करारनाम्यात लिहून दिलेली असते, ती गोष्ट वेगळी. आपली इमारत 1998 ची आहे आणि आपल्या कुणाच्याही करारनाम्यात पार्किंगचा उल्लेख नाही. या चौघांनी पैसे दिले होते याबद्दल मला वाईट वाटतं. पण त्या पावतीवर मी जागा राखून ठेवू शकत नाही.

तरीही इथे येईपर्यंत माझं मन पूर्ण वळलं नव्हतं. निव्वळ सोडत मला पटत नव्हती. एखाद्याला सलग तीन वर्षं जागा मिळेल आणि दुसऱ्याची चिठ्ठी तिन्ही वर्षं कोरी निघेल, तर त्याला मी काय सांगू? आणि निव्वळ ज्येष्ठतेतही एक खोट होती. संस्थापक 19 सभासदांचं सभासदत्व एकाच दिवशीचं आहे, सोसायटी नोंदल्याच्या तारखेचं. त्यांच्यात थोरला कोण? 1999 ला आपण गाडी घेतल्याच्या तारखा लावल्या होत्या. म्हणजे ज्याची ऐपत आधी झाली तो ज्येष्ठ ठरला. त्याला आपण ज्येष्ठता म्हणत राहिलो.

आमच्या वाडीची विहीर चार भावांत सामाईक आहे. परवा आरती झाल्यावर पडवीत बसून मी चुलतभावाला हे सगळं सांगितलं. तो माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा, सगळी वाडी तोच बघतो. निसर्ग वादळात, 2020 च्या 3 जूनला, आमच्या पोफळी आडव्या झाल्या. त्याने लावलेली नवी रोपं आता कुठे डोक्यावर गेली आहेत. त्याने विचारलं, "शिंपणाची पाळी कशी असते, विसरलास काय तू?"

खरोखरच विसरलो होतो. पूर्वी थोरल्या घरापासून पाळी सुरू व्हायची. पहिल्या दिवशी थोरलं घर, मग दुसरं, तिसरं, चौथं. वैशाखात विहीर खाली जाते. तेव्हा चौथ्याच्या पाळीला पंप अर्ध्या तासात वारा ओढू लागायचा आणि पाटाच्या टोकाची आळी कोरडीच राहायची. दर फेरीला कोरडी राहायची ती त्याचीच. आजोबांनी ते बदललं. ज्याला या फेरीत पाणी कमी पडलं, त्याची पुढच्या फेरीत पहिली पाळी. दादा म्हणाला, "मान द्यायचा तर जो थांबला त्याला दे. आधी जन्मलो यात माझं काय कर्तृत्व?"

त्यावरून ठरावाचा मसुदा मी इथेच नव्याने लिहिला. ज्येष्ठता राहील, पण ती थांबण्याची. सभासदत्वाच्या तारखेवरून ती मोजायची नाही. ज्याच्याकडे गाडी आहे आणि ज्याला गेल्या वर्षी जागा मिळाली नाही, त्याला यंदा आधी जागा. उरलेल्या जागांसाठी बाकीच्यांत सोडत.

यंदाचा हिशोब असा होईल. 9 जण थांबलेले आहेत, त्यांना 9 जागा. उरल्या 7. त्या 7 जागांसाठी आज जागा असलेले 13 गाडीवाले सोडतीत उतरतील आणि त्यांतले 6 जण वर्षभर बाहेर राहतील. पुढच्या वर्षी त्या सहांना आधी जागा, मग उरलेल्या 10 जागांसाठी 16 जणांत सोडत. पुन्हा 6 बाहेर, पण ते दुसरे सहा. उद्या 28 च्या 28 घरांत गाडी आली तरी बाहेर राहतील 12 आणि जागा आहेत 16. म्हणजे थांबलेल्याला पुढच्या वर्षी जागा नाही, असं आपल्या इमारतीत कधीच होणार नाही. प्रत्येक सोसायटीत हे जमेल असं नाही. जिथे जागा निम्म्याहून कमी आहेत, तिथे थांबलेल्यांतही वर्षं मोजावी लागतील.

यंदा ज्या सहा जणांना बाहेर जावं लागेल ते माझे सत्तावीस वर्षांचे सोबती आहेत. त्यांच्याकडे मी जेवलो आहे. त्यांना हे लागणार, हे मला कळतं. सभासदत्वाच्या तारखेला एक जागा मी ठेवली आहे: जागा मिळालेल्यांत कुणी कुठली घ्यायची, ते तारखेच्या क्रमाने. लिफ्टजवळची, खांब आड न येणारी जागा जुन्या सभासदाने आधी निवडावी. तारीख सारखी असेल तिथे चिठ्ठी. मात्र चालताना आधार लागणाऱ्या सभासदाची निवड सर्वांच्या आधी.

सोडतीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण 2003 ला आपण एकदा चिठ्ठ्या टाकल्या होत्या आणि त्यावरून दोन घरांत आजही बोलणं नाही. तेव्हा फक्त नावांच्या चिठ्ठ्या होत्या, त्या समितीच्याच माणसाने काढल्या आणि डबा आधी कुणी पाहिला नव्हता. पुढे एकाने म्हटलं की त्याची चिठ्ठी डब्यात नव्हतीच. ते खरं की खोटं, हे दाखवायला कुणाकडेच काही नव्हतं.

या वेळी दोन डबे असतील. एकात 13 घरांचे क्रमांक, दुसऱ्यात 13 चिठ्ठ्या: सातांवर "जागा" आणि सहांवर "प्रतीक्षा 1" ते "प्रतीक्षा 6". सगळ्या एकाच वहीच्या पानांच्या, एका मापाच्या, चार घड्यांच्या. घडी घालण्याआधी प्रत्येक चिठ्ठी मोठ्याने वाचायची, मग दोन्ही डब्यांतल्या मोजायच्या. दोन लहान मुलं एकेक चिठ्ठी जोडीने काढतील. शेवटची जोडी निघेपर्यंत थांबायचं नाही. दोन्ही डबे एकदम रिकामे झाले तरच सोडत बरोबर. वर्षात कुणी गाडी विकली किंवा घर सोडलं तर ती जागा "प्रतीक्षा 1" ला, मग 2 ला. निकाल तिथेच इतिवृत्तात लिहून, समितीबाहेरच्या तीन सभासदांच्या सह्या घेऊन, दुसऱ्या दिवशी फलकावर.

अर्जासोबत सभासदाच्या किंवा त्याच्या घरच्यांच्या नावाचं आरसी बुक लागेल. गाडी नसेल तर अर्ज नाही आणि थांबण्याची ज्येष्ठताही नाही. म्हणजे माझा अर्ज येणार नाही. स्कूटर मी कंपाउंडच्या भिंतीशी बाकी दुचाकींबरोबर लावीन, त्याचं वेगळं शुल्क भरून.

मी गुरुवारी रात्री पोहोचतो. तीन नंबरमधलं कपाट शनिवारी सकाळी आठला हलवायचं आहे. सागवानी आहे, जड आहे. दोघं-तिघं खाली आलात तर बरं होईल.

आपला,
सेक्रेटरी