फाटली एक, की दोन?

मागच्या सत्रात अडथळ्यांच्या सरावात माझी खाकी पँट गुडघ्यावर फाटली. नवी मिळावी म्हणून मी सरांकडे अर्ज दिला : 'माय ट्राउझर्स इज टॉर्न.' सरांनी 'इज'खाली लाल रेघ मारली. मी 'आर' केलं आणि अर्ज भांडारात पोचवला. तिथल्या उस्तादांनी तो वाचून विचारलं, "बेटा, एक फटी है या दोनों?"

आता वाक्य बरोबर होतं, तरी त्यातून संख्या कळत नव्हती!

दिवाळीच्या सुट्टीत भिलाईला घरी गेलो, तेव्हा हा घोळ सुटला. आमच्या घरात मराठी आणि गल्लीत हिंदी. दोन्हींत पँट एकच, कात्री एकच, आजीचा चष्माही एकच. इंग्रजी मात्र वस्तूचे दोन भाग पाहते : पँटचे दोन पाय, कात्रीची दोन पाती, चष्म्याच्या दोन काचा. म्हणून ट्राउझर्स, सिझर्स, ग्लासेस हे शब्द कायम अनेकवचनी. वस्तू एक असो वा चार, क्रियापद 'आर'च आणि मागे 'धिस' नाही, 'दीज'.

मग मोजायचं कसं? त्यासाठी 'अ पेअर ऑफ' लावतात. ते आलं की क्रियापद ट्राउझर्सकडे न बघता 'पेअर'कडे बघतं. 'माय ट्राउझर्स आर टॉर्न', पण 'वन पेअर ऑफ ट्राउझर्स इज टॉर्न'. दोन फाटल्या तर 'टू पेअर्स आर टॉर्न'.

मला हे पाठ करावं लागेल असं वाटत होतं. तेवढ्यात आई दारातून ओरडली, "अरे, तुझे बूट भिजले!" आणि पाठोपाठ आजी म्हणाली, "कुठली जोडी भिजली?" 'बूट' असताना 'भिजले', 'जोडी' येताच 'भिजली'. वचन बदललं, लिंगसुद्धा बदललं. म्हणजे हा नियम मी लहानपणापासून बोलत होतो! फरक इतकाच, की बुटांतला एक बूट वेगळा काढता येतो. ट्राउझर्समधली एक 'ट्राउझर' काढता येत नाही.

एनडीएच्या इंग्रजीत चूक शोधायचे प्रश्न असतात. तिथे 'द पेअर ऑफ सिझर्स ऑन द टेबल आर ब्लंट' असं वाक्य आलं, तर कान 'सिझर्स'वर फसतो. मी मनात मराठी करतो : कात्र्यांची जोडी... झाली. एकवचन. चूक 'आर'मध्ये.

सुट्टीनंतर नवा अर्ज दिला : 'वन पेअर ऑफ ट्राउझर्स इज टॉर्न.' उस्तादांनी काही न विचारता एक पँट काढून दिली.