नमुनाबाईची वही

तिच्या पुठ्ठ्यावर हळदीचा अंगठा उमटलेला आहे. आमच्या वर्गातल्या कुणाचा तरी असेल, पण पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो वहीच्या मालकिणीचाच वाटतो. ही मालकीण जगात कुठेही नाही. वर्ध्यात घरून धंदा करणाऱ्या बायांसाठी आम्ही पाच दुपारींचा हिशेबाचा वर्ग घेतो आणि त्या वर्गासाठी एक नमुना वही तयार केली आहे. तिच्यात एका बाईचा एप्रिल महिना भरून ठेवला आहे. ती वायगावची हळद घेते, गिरणीतून दळून आणते आणि पाव किलोच्या पिशव्यांत भरून विकते. पहिल्याच वर्गात बोरगावच्या एक ताई म्हणाल्या, "ही नमुनाबाई कुठची हो?" तेव्हापासून ती नमुनाबाई झाली.

वही दिसायला साधी. लांबट, शंभर पानी, शिवण थोडी सैल झालेली. डाव्या पानावर 'आले', उजव्या पानावर 'गेले'. 'जमा' आणि 'नावे' हे शब्द तिच्यात कुठेच सापडत नाहीत. ते मुद्दाम टाळले आहेत, कारण त्या शब्दांनी आमचा पहिला वर्ग पार गोंधळून गेला होता. किराणा दुकानाची जुनी चोपडी पाहिलेल्या बायांना आलेला पैसा डावीकडे जमेला दिसायची सवय. बारावीला वाणिज्य शिकलेल्या मुली मात्र सांगत, की आलेली रोख रोख खात्याच्या नावे पडते. दोघींचंही बरोबर, पद्धती वेगळ्या. पण हे समजावण्यात एक अख्खी दुपार गेली आणि हळद बाजूलाच राहिली.

ही वही थोडी लबाड आहे. पाठ्यपुस्तकातली उदाहरणं कशी आज्ञाधारक असतात, शेवटच्या ओळीत दोन्ही बाजू गपगुमान सारख्या होतात. हिच्या एप्रिलमध्ये आम्ही तीन चुका पेरून ठेवल्या आहेत आणि त्या ती आपणहून सांगत नाही. ती फक्त महिनाअखेरीला म्हणते, माझ्या हिशेबाने डब्यात ५,६५० रुपये पाहिजेत. आणि डब्यात, म्हणजे टेबलावर ठेवलेल्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, खेळण्यातल्या नोटा मोजल्या तर निघतात ३,१७०.

आधी वही काय म्हणते ते पाहा. एक एप्रिलला हातात रोख ५,००० होती. महिन्यात विक्रीचे ५,६०० आले. हळकुंडं आणली ४० किलो, १५० रुपये किलोने ६,००० ची. त्यातले ४,००० रोख दिले, २,००० शेतकऱ्याचे देणे राहिले. दळाईचे ६०० गेले, पिशव्या आणि लेबलांचे ३५०. आलेल्यातून गेलेले वजा करा, ५,६५० च येतात. बेरीज चोख आहे. तरी डब्यात २,४८० कमी.

इथे वर्ग जागा होतो. "काहून मॅडम, चोरी झाली का?" दरवेळी कुणी ना कुणी विचारतंच. मग नवऱ्यावर संशय जातो, मग सासूवर. वही गप्प असते. तिला फक्त एकच प्रश्न विचारलेला आवडतो: पैसा आला हे लिहिलं, पण तो कुठे आला?

पहिली गाठ बायाच सोडवतात, मला तोंड उघडावं लागत नाही. "पोट्ट्याच्या फोनमधी गेले असतील पैसे, पाहा बरं." अगदी तसंच झालेलं असतं. पाच किलोचे १,४०० रुपये गिऱ्हाइकाने स्कॅन करून दिले आणि दाराला लावलेला तो चौकोन नमुनाबाईच्या मुलाच्या खात्याचा होता. वहीने विक्री लिहिली, डब्याने पैसा पाहिलाच नाही. हे घरोघरी होतं आणि चोरी नसल्यामुळे कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून महिनाअखेरीला रोख वेगळी आणि फोनवरची वेगळी मोजायची, आणि दुसऱ्याच्या फोनवर आलेले पैसे त्या दिवशीच 'अमक्याकडे येणे' म्हणून लिहायचे. मुलाकडून उधारी वसूल करायची कल्पना बायांना फार आवडते.

राहिले १,०८०. त्यातले ९०० सिलिंडरचे. गॅसवाला दारात उभा, नवरा कामावर, हाताशी डबा. नमुनाबाईने पैसे काढून दिले आणि घरचाच खर्च आहे म्हणून लिहिले नाहीत. या उचलीवर आमचा सगळ्यात जास्त वेळ जातो, कारण बायांना वाटतं, ती लिहिली म्हणजे आपण चूक कबूल केली. तसं काही नाही. डबा तिचा आहे, तिने पैसे काढावेत. पण 'घरासाठी उचल' असं लिहून काढावेत. ती धंद्याच्या खर्चात मिसळली तर हळद महाग पडल्यासारखी दिसते. लिहिलीच नाही तर पैसा हवेत विरल्यासारखा वाटतो. वहीच्या अखेरच्या रकान्यात उचलीला स्वतंत्र जागा आहे आणि तिच्यावरची रेघ आम्ही मुद्दाम जाड ओढली आहे.

आता उरले १८०. हे सापडत नाहीत. बाया पानं पुढे-मागे उलटतात, बोटांवर बेरजा होतात, पंखा कुरकुरत राहतो. वर्ध्यात एप्रिलच्या दुपारी आकड्यांवर घाम पडतो, त्यामुळे पेन्सिलच बरी. तेव्हा मी त्यांना मुनिमांची जुनी युक्ती सांगते. उरलेला फरक ९ ने भागून पाहा. भागला गेला, तर दोन आकडे उलटे लिहिले गेल्याचा संशय घ्यायचा. १८० भागिले ९, वीस. मग प्रत्येक रकमेची पावतीशी गाठ घालायची. पिशव्यांची पावती निघते ५३० ची, वहीत आहेत ३५०. पाच आणि तीन यांनी जागा बदलल्या होत्या. ही युक्ती नेहमी चालते असं नाही. ९ ने भागला जाणारा फरक इतर चुकांनीही पडतो, आणि दोन चुका एकत्र आल्या की ती आंधळी होते. म्हणूनच मोठे फरक आधी शोधायचे आणि शेवटच्या शिल्लक फरकावर ती लावायची. क्रम उलटा करणाऱ्या ताईंनी एकदा २,४८० ला ९ ने भागून पाहिलं, ते भागले गेले नाहीत आणि त्यांनी वही मिटून टाकली होती.

रोखीचा मेळ बसला की वर्गात जरा चहापाणी होतं. वहीचं खरं काम मात्र पुढेच आहे. चहा पिता पिता कुणीतरी म्हणतं, "पाच हजारानं सुरुवात केली, डब्यात ३,१७० आन् फोनवर १,४००. म्हणजे ४३० चा तोटाच झाला की!" नमुनाबाई खरी असती तर तिनेही हेच म्हटलं असतं, आणि मे महिन्यात हळकुंडं आणली नसती.

वही तेव्हा पान उलटायला लावते. तिथे चार गोष्टी विचारल्या आहेत: काय पडून आहे, कोण देणं लागतो, आपण कुणाचं देणं लागतो, घरी किती नेलं. पडून काय आहे ते तराजूवर ठेवून पाहायचं, आठवणीने नाही. ४० किलोंतली ३० दळली, १० किलो हळकुंडं पोत्यात आहेत, म्हणजे १,५०० रुपये. दळलेल्या ३० ची पूड २९ किलो भरली, कारण गिरणीत आणि चाळणीत थोडी घट होतेच. २५ किलो विकली, ४ उरली. ती कितीला धरायची? विकण्याच्या भावाने, २८० ने, असं सगळ्या एकमुखाने म्हणतात. नाही. अजून न विकलेल्या हळदीवर नफा मोजता येत नाही. ३० किलोची खरेदी ४,५०० आणि दळाई ६०० मिळून ५,१०० झाले. ते २९ किलोंवर पसरले की किलोला १७५ च्या वर थोडं पडतं. १७५ धरू, ७०० झाले. शिल्लक माल एकूण २,२००. उरल्या असतील त्या रिकाम्या पिशव्या सोडून दिल्या आहेत.

आता विक्री पाहा. रोख आणि फोन मिळून ५,६००, शिवाय मोहल्ल्यातल्या किराणा दुकानाला ५ किलो उधार दिली त्याचे १,४००. एकूण ७,०००. त्यासमोर खर्च ६,००० हळकुंडांचा, ६०० दळाईचा, ५३० पिशव्यांचा, आणि त्यातून पडून असलेले २,२०० वजा. राहिले ४,९३०. नफा २,०७०. तोटा नाही.

वहीला आपली उलटतपासणीही करून हवी असते. डबा ३,१७०, फोन १,४००, दुकानदार १,४००, माल २,२००, बेरीज ८,१७०. शेतकऱ्याचे २,००० वजा केले की ६,१७०. सुरुवातीच्या ५,००० पेक्षा १,१७० जास्त. नफा २,०७० आणि त्यातून सिलिंडरचे ९०० घरी गेले, तेव्हाही १,१७० च. दोन वेगळ्या वाटांनी एकाच आकड्यावर आलं, की नमुना वहीचा एप्रिल बंद होतो. त्याच्याखाली दोन रेघा ओढायच्या आणि मेच्या पानावर 'मागील पानावरून' लिहून हेच आकडे न्यायचे.

एक मात्र कटाक्षाने पाळावं लागतं. डबा आधी मोजायचा, वही मग उघडायची. आधी वहीतली शिल्लक पाहिली की मोजणारा हात तिकडेच झुकतो. दहाची एखादी जास्तीची नोट 'अगं, ही तर माझ्या पर्समधली' होते आणि मेळ खोटाच बसतो.

हे सगळं ज्या गावात चालतं, त्या गावाची हिशेबाशी जुनी ओळख आहे. १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू झाला, त्याचं बिऱ्हाड वर्ध्याच्या मगनवाडीत होतं. ती जागा जमनालाल बजाज यांनी दिलेली. संघाचा कारभार पाहणारे जे. सी. कुमारप्पा लंडनला शिकलेले हिशेबनीस होते. घाणी, कागद, हातसडीचा तांदूळ यांचा विचार करायला गांधीजींनी पेशाने हिशेबनीस असलेला माणूस हाताशी धरावा, याचं मला नेहमी कौतुक वाटतं.

वहीचा एक दोष आहे आणि तो वर्गाने काढला, मी नाही. हिंगणघाटहून येणाऱ्या एक ताई सगळं झाल्यावर म्हणाल्या, "मॅडम, इच्या हाताचे पैसे कोठी लिहिले?" हळकुंडं निवडणं, गिरणीत नेणं, चाळणं, पिशव्या भरणं. वर्गाने मिळून अंदाज काढला, नऊ दुपारी, रोज चार तास, म्हणजे ३६ तास. २,०७० ला ३६ ने भागलं तर तासाला साडेसत्तावन्न रुपये. घरची वीज, चाळणी, तराजूची झीज वेगळी. नफा म्हणून आपण ज्याला नाव दिलं, ती सगळीच्या सगळी तिची मजुरी होती. त्यावर कुणी बोललं नाही. मग मागच्या रांगेतून आवाज आला, "मंग भाव वाढवाव लागते," आणि २८० चे ३०० केले तर किराणावाला घेईल की नाही यावर पाऊण तास वाद चालला.

त्या ताईंनी माझ्या प्रतीतल्या एप्रिलच्या पानावर शेवटच्या रकान्यापलीकडे पेन्सिलने एक उभी रेघ मारली आणि वर लिहिलं 'तास'. पुढच्या वर्गासाठी वहीच्या झेरॉक्स काढायच्या होत्या. ती रेघ मी खोडली नाही, पेनाने गिरवून घेतली.