तेहतीस रुपये कुठे गेले?

कराडच्या एका बँकेत नोकरीची शेवटची वर्षं मी ठेवींच्या काउंटरवर काढली. पुनर्गुंतवणूक ठेव, मासिक व्याजाची ठेव, तिमाही व्याजाची ठेव अशा पावत्या दिवसभर लिहायच्या आणि लोकांच्या शंका ऐकायच्या, हे काम. त्यात एक शंका अशी होती, की ती विचारणाऱ्याचा हिशेब बरोबर असायचा आणि बँकेचाही बरोबर असायचा. तरी दोघांच्या उत्तरात फरक पडायचा.

२०२५ मध्ये एक निवृत्त गुरुजी निवृत्तीच्या पैशांतले दहा लाख ठेवायला आले होते. ज्येष्ठ नागरिकाचा जादा अर्धा टक्का धरून पाच वर्षांसाठी दर ७ टक्के होता. मासिक व्याज घेतलं तर महिन्याला ५,८०० रुपये येतील असं मी सांगितलं. गुरुजींनी कागदाच्या कोपऱ्यात मांडून बघितलं आणि म्हणाले, “मॅडम, दहा लाखांचे सात टक्के म्हणजे सत्तर हजार. बारानं भागलं की ५,८३३ येतात. मग माझे तेहतीस रुपये कुठे गेले?”

पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत त्यांचे नऊ लाख होते. तिथे ७.४ टक्क्यांनी महिन्याला बरोबर ५,५५० रुपये मिळत, म्हणजे वार्षिक व्याजाचा नेमका बारावा भाग. त्यामुळे बँकच काहीतरी कापून घेते, असं त्यांना वाटणं साहजिक होतं.

बँकेत व्याजाचं मूळ माप तिमाही असतं. ७ टक्के दर म्हणजे दर तिमाहीला पावणेदोन टक्के. दहा लाखांवर तिमाहीचं व्याज १७,५०० रुपये होतं आणि ते तिमाही संपल्यावर देय होतं. तिमाही व्याजाची ठेव घेणाऱ्याला हे १७,५०० पूर्ण मिळतात, त्यात काटछाट नाही. मासिक व्याज घेणारा मात्र त्याच रकमेतला पहिला हप्ता दोन महिने आधी उचलतो आणि दुसरा एक महिना आधी. तिसराच काय तो वेळेवर. जे आधी दिलं, त्यावरचं तेवढ्या दिवसांचं व्याज बँक वजा करते.

मी गुरुजींच्याच कागदावर मांडून दाखवलं. ५,८०० रुपयांवर ७ टक्क्यांनी एका महिन्याचं व्याज साधारण ३४ रुपये. पहिल्या हप्त्याचे दोन महिने आणि दुसऱ्याचा एक, असे तीन महिने धरले तर शंभरेक रुपये होतात. तीन हप्त्यांचे १७,४०० आणि हे शंभर मिळून १७,५००. तेहतीस रुपये गेलेले नव्हते. पैसे लवकर हातात आले, त्याची ती किंमत होती. ठेवीची रक्कम गुणिले दर, भागिले बाराशे अधिक दर, अशी आमची तोंडी रीत होती. दहा लाखांना सातानं गुणून १,२०७ नं भागलं की ५,७९९ आणि वर काही पैसे येतात, ते पूर्ण रुपयात ५,८०० होतात.

गुरुजींना हे पटलं. पण त्यांच्या मुलानं फोनवर दुसरंच काही सांगितलं होतं. कुठल्याशा पत्रकात त्यानं वाचलं होतं, की हीच ठेव व्याज न घेता ठेवली तर ८.३० टक्के परतावा मिळतो. “सात आणि सव्वाआठ यांत फार अंतर आहे, मॅडम. मासिक घेऊन मी तोट्यात तर जात नाही ना?”

अशी पत्रकं मी पुष्कळ पाहिली आहेत. त्यांतला आकडा खोटा नसतो, पण तो काय मोजतो हे कुणी सांगत नाही. पुनर्गुंतवणूक ठेवीत तिमाहीचं व्याज मुद्दलात मिळवतात आणि पुढच्या तिमाहीला त्यावरही व्याज लागतं. दहा लाखांचे पहिल्या तिमाहीअखेर १०,१७,५०० होतात, दुसऱ्या अखेर १०,३५,३०६, तिसऱ्या अखेर १०,५३,४२४ आणि वर्षअखेर १०,७१,८५९. म्हणजे वर्षाचा खरा परतावा ७.१९ टक्के. तिमाही चक्रवाढीमुळे ७ टक्क्यांवर जी भर पडते ती एवढीच, टक्क्याच्या पाचव्या हिश्शाहूनही थोडी कमी.

पाच वर्षांनी या ठेवीचे १४,१४,७७८ रुपये होतात. पत्रक काढणारा एकूण व्याज ४,१४,७७८ घेतो, त्याला पाचानं भागतो आणि वर्षाला ८.३० टक्के असं छापतो. पाच वर्षांची चक्रवाढ एकत्र करून ती सरळ व्याजासारखी वाटून टाकायची, ही त्यातली क्लृप्ती. तीच ठेव दहा वर्षं ठेवली तर पैसे जवळजवळ बरोबर दुप्पट होतात आणि त्याच रीतीनं परतावा १० टक्के निघतो. दर तोच सात, फक्त मुदत वाढली. मुदत वाढवली की जो आकडा आपोआप फुगतो, त्यावरून दोन ठेवींची तुलना करता येत नाही. तुलना करायची तर एका वर्षात शंभराचे किती होतात, एवढंच बघावं. मुदत कितीही असो, तिमाही चक्रवाढीच्या सात टक्क्यांचं उत्तर ७.१९ असंच येतं.

हाच निकष दुसऱ्या बाजूनंही उपयोगी पडतो. काही कंपन्यांच्या ठेवींत व्याज वर्षातून एकदाच मुद्दलात मिळवतात. तिथला ७.१० टक्के दर बँकेच्या ७ टक्क्यांपेक्षा जास्त दिसतो, पण वर्षाअखेर हातात ७.१० च येतात. बँकेची ७.१९ वाली ठेव त्याहून सरस ठरते, आणि कंपनीच्या ठेवीला बँकेसारखं ठेव विम्याचं संरक्षण नसतं ते वेगळंच.

आता मासिक व्याजाचं बघू. ५,८०० रुपये साठ महिने घेतले तर हातात ३,४८,००० येतात. पुनर्गुंतवणुकीत व्याज ४,१४,७७८ होतं. या दोन रकमा शेजारी ठेवून पासष्ट-सदुसष्ट हजारांचा तोटा सांगणारे लोक मला रोज भेटत. पण पहिल्या महिन्याचे ५,८०० मिळून पाच वर्षं होत आली तरी ते कुठेच गुंतवले नाहीत, असं धरल्याशिवाय हा तोटा निघत नाही. तेच हप्ते दर महिन्याला ७ टक्क्यांच्या आवर्ती ठेवीत टाकले, तर पाच वर्षांनी दोन्ही वाटा जवळपास एकाच रकमेला येऊन मिळतात. तेहतीस रुपये वजा होतात ते याच हिशेबाने.

फरक पडतो तो व्याज खात्यात पडून राहिल्यावर. बचत खात्यावर अडीच टक्के धरले तर साठ हप्त्यांचे सुमारे ३,७०,००० होतात. मुद्दल धरून १३ लाख ७० हजार. दहा लाखांचे पाच वर्षांत एवढे झाले म्हणजे वर्षाचा परतावा साडेसहा टक्के पडला, ७.१९ नव्हे. मासिक ठेवीनं परतावा कमी केला असं लोक म्हणतात, पण तो खाली येतो बचत खात्यामुळे. आणि महिन्याचं व्याज किराणा-औषधांत खर्च होत असेल, तर ही तुलना करण्याचंच कारण नाही. ते पैसे ज्या कामासाठी होते त्या कामाला लागले.

दोन गोष्टी मात्र पावतीवर ठळक दिसत नाहीत, त्या मी प्रत्येकाला सांगत असे.

पहिली गोष्ट ठेव मोडण्याची. मासिक व्याजाची ठेव मुदतीआधी मोडली की व्याज ठरलेल्या दरानं राहत नाही. जेवढे दिवस पैसे राहिले त्या मुदतीचा, ठेव ठेवली त्या दिवशीचा दर लागतो आणि त्यातून दंड वजा होतो. समजा, गुरुजींनी वर्षभरानं ठेव मोडली, एका वर्षाचा दर पावणेसात होता आणि दंड एक टक्का. म्हणजे ५.७५ टक्के. त्या दरानं महिन्याला सुमारे ४,७६९ बसतात, पण त्यांनी बारा महिने ५,८०० घेतलेले असतात. जादा गेलेले सुमारे १२,३७० रुपये बँक मुद्दलातून वळते करते. दहा लाख ठेवणाऱ्याच्या हातात ९ लाख ८७ हजार पडले की तो हादरतो. पुनर्गुंतवणूक ठेव मोडली तरी नुकसान त्याच कारणानं होतं, पण ते न मिळालेल्या व्याजातून जातं, त्यामुळे मुद्दल घटलेलं दिसत नाही.

दुसरी गोष्ट टीडीएसची. पुनर्गुंतवणूक ठेवीत व्याज हातात येत नाही, म्हणून कर शेवटीच लागेल असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात दरवर्षी जमा धरलेल्या व्याजावर बँक टीडीएस कापते आणि तो त्या ठेवीतूनच जातो. एप्रिल २०२५ पासून टीडीएस कापण्याची मर्यादा इतरांसाठी वर्षाला ५० हजार आणि ज्येष्ठांसाठी एक लाख व्याजाची झाली. साठीच्या आतल्या माणसाला साडेसहा टक्केच दर मिळाला तरी दहा लाखांच्या ठेवीचं व्याज पासष्ट हजारांवर जातं, तेव्हा त्याच्या ठेवीतून दहा टक्के कापले जातात. कापलेल्या रकमेवर पुढची चक्रवाढ मिळत नाही. पाचही वर्षं असं झालं तर पावतीवर १३,८०,४२० लिहिलेलं असूनही हातात साधारण १३ लाख ३७ हजार येतात. कापलेला कर विवरणपत्रात वळता करून घेता येतो, पण त्यासाठी ते व्याज त्या त्या वर्षी उत्पन्नात दाखवावं लागतं. पाच वर्षांचं व्याज शेवटच्या वर्षी एकदम दाखवायला गेलेल्यांची आधीच्या वर्षांच्या टीडीएसशी सांगड बसत नाही.

गुरुजी ज्येष्ठ होते आणि बँकेतल्या त्यांच्या ठेवीचं व्याज लाखाच्या आत राहत होतं, त्यामुळे टीडीएसचा प्रश्न नव्हता. मी त्यांना विचारलं, पेन्शन आणि पोस्टाचं व्याज धरून महिन्याला किती कमी पडतात? साडेतीन हजार, ते म्हणाले. मग मी सगळे दहा लाख एकाच पावतीत घालू नका असं सुचवलं. सहा लाख मासिक व्याजाला ठेवले, त्याचे महिन्याला ३,४८० येतात. उरलेले चार लाख पुनर्गुंतवणुकीत, पाच वर्षांनी ५,६५,९११. चार लाखांचीही एक पावती न करता एकेक लाखाच्या चार केल्या. त्यामुळे मध्येच लाखभराची गरज लागली, तर एकच पावती मोडेल आणि बाकीच्या तीन पावत्या सात टक्क्यांनी चालू राहतील.

पाचही पावत्यांवरच्या रकमा गुरुजींनी स्वतः ताडून बघितल्या. सहा लाखांना सातानं गुणलं, १,२०७ नं भागलं, उत्तर ३,४८० ला जुळलं, आणि मगच सही केली.