तेंदूच्या पैशांवर लेखमाला: एक मुख्य मथळा आणि त्याचे उपलेख



घरखर्चाच्या नियोजनावर पालकांसाठी लेखमाला लिहायची म्हटली की पहिला मथळा सुचतो 'बचतीचे महत्त्व'. पण सूरजागडच्या बाजूला असा प्रश्न कोणी विचारत नाही. इथला प्रश्न असा असतो, की मे महिन्यात तेंदूचे पैसे मिळतात, मग ते दिवाळीपर्यंतही का टिकत नाहीत? म्हणून मुख्य लेखाचा मथळा घ्या: 'तेंदूपत्त्याचे पैसे वर्षभर कसे पुरवायचे?'

या लेखात सगळं थोडक्यात यावं. समजा, एका घराने २५०० पुडे दिले आणि दर शेकडा ६०० रुपये आहे. म्हणजे २५ शेकडे, १५,००० रुपये. बारा महिन्यांनी भागलं तर महिन्याला १,२५०. हा आकडा दिसला की पुढचे प्रश्न आपोआप निघतात. जो प्रश्न मुख्य लेखात चार ओळींत संपत नाही, त्याचाच उपलेख करायचा.

उदाहरणार्थ, 'शेकड्याचा हिशोब घरी कसा मांडायचा?' हा एक. 'पैसे जमा झाले का? पासबुक कसं वाचायचं?' हा दुसरा. तिसरा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: 'मे संपण्याआधी खात्यात ४५६ रुपये का हवेत?' पंतप्रधान सुरक्षा विम्याचे २० आणि जीवनज्योतीचे ४३६ रुपये मेच्या अखेरीस खात्यातून आपोआप कापले जातात. खातं रिकामं असेल तर १ जूनपासून विमा चालू राहत नाही. तेंदूचे पैसे उशिरा जमा झाले तर नेमकं हेच होतं.

चौथा आरडीचा. पुस्तकी मथळा असतो 'दरमहा १०० रुपये साठवा'. पण ज्या घरात वर्षातून एकदाच मोठी रक्कम येते, तिथे दर महिन्याचे हप्ते चुकणारच. पोस्टात चार हप्ते चुकले की खातं बंद पडतं. मात्र हप्ते आगाऊ भरता येतात, आणि एकदम सहा भरले तर थोडी सूटही मिळते. म्हणून मथळा बदला: 'तेंदूचे पैसे आले की आरडीचे सहा हप्ते एकदम भरा'.

आता यादी तपासा. प्रत्येक मथळ्यापुढे एका ओळीत उत्तर लिहा. 'बचत कशी करावी?' आणि 'पैसे कसे जपावेत?' यांचं उत्तर एकच निघेल. मग त्यातला एक काढा, नाहीतर वाचणाऱ्याला कोणता वाचावा तेच कळत नाही. 'म्युच्युअल फंड म्हणजे काय?' हा विषय चांगला आहे हो, पण मुख्य लेखातल्या कोणत्या ओळीतून तो निघतो? सापडत नसेल तर तो दुसऱ्या मालिकेचा.

प्रत्येक उपलेखाच्या शेवटी मुख्य लेखाचं नाव लिहा, आणि मुख्य लेखात जिथे तो प्रश्न येतो तिथे उपलेखाचं. विम्याचा लेख मात्र एप्रिलमध्येच पालकांच्या हातात द्या. जूनमध्ये त्याचा उपयोग नाही.