तिसरा पेड

तीन अनोळखी माणसांच्या गोष्टी शेवटी एका घटनेत गुंफायच्या म्हटलं की लिहिणाऱ्याचं सगळं लक्ष त्या घटनेकडे लागतं. माझ्या मते खरा कस लागतो तिसऱ्या माणसापाशी. दोघांना एका जागी आणणं अवघड नाही. एकाचं दुसऱ्यावाचून काही अडलं की पुरे. तिसऱ्याचं मात्र त्या दोघांशी काही देणंघेणं नसतं, आणि तरी तो नेमका त्या घटकेला तिथे असावा लागतो. तिपेडी वेणी सुटते ती इथेच.

मणिरत्नम यांचा २००४ सालचा ‘युवा’ घ्या. कलकत्त्यातल्या पुलावर लल्लन मायकेलवर गोळ्या झाडतो आणि अर्जुन ते पाहतो. मग कथा मागे जाते आणि लल्लन, मायकेल, अर्जुन अशा क्रमाने तिघांचं आयुष्य पुन्हा पुलाशी आणून सोडते. लल्लन राजकारण्याच्या पदरचा गुंड, मायकेल राजकारण्यांना आव्हान देणारा विद्यार्थी नेता; त्यांची गाठ आज ना उद्या पडणारच होती. अर्जुनला मात्र अमेरिकेला जायचंय. ज्या मीरावर त्याचा जीव जडलाय तिला गाठण्यासाठी तो मायकेलच्या मोटरसायकलवर लिफ्ट घेतो, एवढाच त्याचा संबंध. योगायोगच हा, पण खटकत नाही. कारण लल्लन आणि मायकेल कथेतून काढून टाकले तरी अर्जुन मीरामागे निघालेलाच असता. त्याची निकड त्याची स्वतःची आहे.

आयुष्यात योगायोग होतातच, मग कथेत का नकोत, असं कुणी विचारील. व्हावेत, पण ते कुणाच्या पदरात काय टाकतात ते पाहावं. इथला योगायोग अर्जुनची सुटका करत नाही, त्याला गुंतवतो. परदेशी निघालेल्या माणसाला आता पाठ फिरवणं जड जातं. हाच अर्जुन गोळी सुटण्याआधी पोहोचून लल्लनचा हात धरता, तर प्रेक्षकाला लेखकाचा हात दिसला असता.

घटना आधीच दाखवली तर उत्सुकता संपते, हा दुसरा आक्षेप. मला तो पटत नाही. पूल ठाऊक असल्यामुळेच मीराशी चाललेली अर्जुनची थट्टामस्करीसुद्धा आपण धास्तीने पाहतो. घटना शेवटासाठी राखून ठेवायची असेल, तरी कागदावर ती आधी लिहून काढावी: त्या मिनिटाला तिघे कुठे उभे आहेत, कशासाठी आलेत. मग तिथून प्रत्येकाच्या पावलांनी मागे जावं. हे केलेलं नसलं की लगेच कळतं. शेवटच्या पानांत गाड्या चुकू लागतात, फोन लागेनासे होतात.

तुमचा मसुदा हाती घ्या आणि त्या पानांत ‘अचानक’, ‘नेमकं त्याच वेळी’ किती वेळा आलंय ते मोजा. तिसऱ्या माणसापाशी ते सापडलं, तर शेवटावर रंगरंगोटी करत बसू नका. त्याची गोष्ट पहिल्या पानापासून पुन्हा लिहा.